बाटलीवरचे लेबल आणि डिझायनरला द्यायचे ब्रीफ

सातशे मिलिलिटरच्या गोल बाटलीचा व्यास 75 मिलिमीटर असला, तर तिचा घेर साधारण 235 मिलिमीटर भरतो. बाटलीभोवती पूर्ण फिरणारे लेबल हवे असेल तर टोकावर टोक चढायला चार-पाच मिलिमीटर जास्त धरावे लागतात, म्हणजे कागद 240 मिलिमीटर रुंद. पण दुकानाच्या फळीवर समोरून पाहणाऱ्याला त्यातला जेमतेम एक तृतीयांश भाग नीट वाचता येतो. पदार्थाचे नाव, चित्र, जे काही लांबून डोळ्यांत भरायला हवे, ते सगळे या 80 मिलिमीटरच्या पट्ट्यात बसले पाहिजे. शिवाय बाटली वरच्या बाजूला निमुळती होत असेल तर लेबलची उंची सरळ भागापुरतीच ठेवावी लागते. नाहीतर कागदाला चुण्या पडतात.

यातले एकही माप पुण्यात किंवा बंगळुरूत बसलेल्या डिझायनरला आपोआप कळत नाही. बाटली ज्याच्या हातात आहे त्यानेच ते घ्यायचे आणि लिहून पाठवायचे. प्रत्यक्षात मात्र फ्रीलान्स डिझायनरच्या फोनवर पहिला निरोप येतो तो बहुतेकदा असा: ‘ताई, लोगो आणि लेबल करायचे आहे. पारंपरिक पण मॉडर्न पाहिजे. जरा अर्जंट आहे. किती घ्याल?’ या चार वाक्यांवर पाच हजारांचा आकडाही सांगता येतो आणि पन्नास हजारांचाही, आणि दोन्ही चुकीचे ठरू शकतात. पगारी माणूस शेजारच्या टेबलावर असतो, त्याला येता-जाता सांगता येते. फ्रीलान्सर एका कामापुरता भेटतो, त्याच्यापुढे आणखी चार जणांची कामे असतात. म्हणून त्याला जे सांगायचे ते कामाआधी, एकदाच आणि कागदावर सांगावे लागते. त्या कागदाला या व्यवसायात ब्रीफ म्हणतात.

उदाहरणादाखल कुडाळच्या बाजूचा एक कोकमाचा घरगुती उद्योग धरून चालू. बाटलीतले कोकम सरबत, सोलकढीसाठी आगळ आणि पाकिटातले आमसूल असे तीन पदार्थ. आजवर विक्री ओळखीच्यांत आणि पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत झाली. लेबल गावच्या डीटीपीवाल्याने करून दिलेले. आता माल शहरातल्या दुकानांत ठेवायचा आहे, म्हणून उद्योजिकेने पुण्यातल्या एका डिझायनरशी बोलणी सुरू केली आहेत.

सुरुवात होते ती हातात नेमके काय पडणार यापासून. ‘तीन लेबले’ असे लिहून भागत नाही. तीन वेगळी डिझाइन हवी आहेत, की एकच मांडणी ठरवून ती रंग आणि चित्र बदलून तीन मापांत बसवायची आहे? पहिल्या प्रकाराला जवळपास तिप्पट डोके लागते, दुसऱ्याला नाही. आणि दुकानात एका घरातली भावंडे दिसावीत असे वाटत असेल तर दुसराच प्रकार बरा. ब्रीफमध्ये ते असे उतरेल: ‘एक लोगो. त्यावर आधारलेले सरबताचे मुख्य लेबल, 240 बाय 90 मिलिमीटर. त्याच मांडणीत आगळाचे लेबल आणि आमसुलाच्या 200 ग्रॅमच्या पाकिटाची पुढची-मागची बाजू. मापे सोबत जोडली आहेत. खोक्यावर छापण्यासाठी लोगोची एकरंगी आवृत्ती.’

यानंतर फाइलींचा विषय येतो, आणि घरगुती उद्योग सर्वांत जास्त इथेच अडकतात. डिझायनरने व्हॉट्सअॅपवर पाठवलेले जेपीजी चित्र फोनवर झकास दिसते, पण छापखान्याला ते पुरत नाही. छपाईसाठी पीडीएफ लागते ती सीएमवायके रंगांत, चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड सोडून. म्हणजे कापताना सुरी किंचित सरकली तरी कडेला पांढरी रेघ राहत नाही. मराठी अक्षरे असतील तर ती कर्व्हमध्ये रूपांतरित केलेली असावीत. नाहीतर छापखान्याच्या संगणकावर तो फाँट नसला की जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या भलत्या जागी जाऊन बसतात आणि ते कुणाच्या लक्षात येते तोवर पाच हजार लेबले छापून झालेली असतात. याशिवाय ओपन फाइल, म्हणजे पुढे बदल करता येईल अशी मूळ फाइल, मिळणार की नाही हेही आधी ठरवावे. अनेक डिझायनर तिचे वेगळे पैसे घेतात आणि त्यात गैर काही नाही. मात्र उद्या वजन किंवा किंमत बदलायची वेळ आली की कुणाकडे जायचे हे त्यावर अवलंबून असते.

खाद्यपदार्थाच्या लेबलवर कायद्याने द्यावा लागणारा मजकूर बराच असतो: घटकपदार्थ, पोषणमूल्ये, निव्वळ वजन किंवा माप, सर्व करांसह कमाल किंमत, बॅच क्रमांक, तारखा, उत्पादकाचा पत्ता, ग्राहक तक्रारीचा संपर्क, एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक, शाकाहारी पदार्थाचे हिरवे चिन्ह. हा मजकूर देणे हे डिझायनरचे काम नव्हे. तो उद्योजिकेने तपासून, टाइप करून द्यायचा. सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते. मराठी त्याच्या जोडीला देता येते, पण केवळ मराठी चालत नाही. हे डिझाइन मंजूर झाल्यावर कळले तर 80 मिलिमीटरच्या पट्ट्याशेजारी मोकळी ठेवलेली सुरेख जागा दुप्पट मजकुराने भरून जाते आणि मांडणी पुन्हा करावी लागते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण त्याचे चिन्ह छापायचे तर उत्पादकाची त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. ती आहे की नाही, हे डिझायनरला कुठून कळणार?

बारकोडची गोष्ट तर कोकमाच्या बाबतीत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. बहुतेक स्कॅनर तांबडा प्रकाश टाकून काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांतला फरक ओळखतात. त्या प्रकाशात लाल रंग पांढऱ्यासारखाच उजळ भासतो. त्यामुळे लेबलच्या कोकमी रंगाशी जुळावेत म्हणून बारकोडच्या पट्ट्याही लाल केल्या, तर माणसाला त्या ठसठशीत दिसतात आणि यंत्राला अजिबात दिसत नाहीत. दुकानात बाटली गल्ल्यावर आल्यावरच ही चूक उघडी पडते. ‘बारकोड पांढऱ्यावर काळा, जागा किमान 30 बाय 21 मिलिमीटर’ एवढी ओळ ब्रीफमध्ये असली की ती टळते.

शैलीबद्दल बोलणे याहून कठीण, कारण त्यासाठी रोजच्या वापरातले शब्द फार ढोबळ आहेत. ‘पारंपरिक’ म्हटल्यावर एकाच्या मनात वारली चित्रे येतात, दुसऱ्याच्या मनात पैठणीची किनार आणि तिसऱ्याच्या मनात जुन्या किराणा दुकानातली पत्र्याची जाहिरात. म्हणून शब्दांऐवजी नमुने पाठवायचे. पण नुसती दहा छायाचित्रे ढकलली तर गोंधळ आणखी वाढतो, कारण त्या चित्रात नेमके काय आवडले ते डिझायनरला ओळखावे लागते. तीन-चार नमुने आणि प्रत्येकाखाली एक ओळ, इतके पुरते. ‘या लोणच्याच्या बरणीवरचा मोकळेपणा आवडला, रंग नाही.’ ‘या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे अक्षर आवडले, शिरोरेषा जाड, पण वळणे हाताने काढल्यासारखी.’ ‘या चहाच्या पुड्यावर चित्र एकच आहे, तसे हवे.’ आणि एक नमुना नकोशा गोष्टीचा: ‘नारळाची झाडे, होडी आणि मावळता सूर्य नको, कोकणातल्या प्रत्येक वस्तूवर ते असतेच.’

मराठी लेबलसाठी अक्षराविषयी वेगळे लिहायला हवे. देवनागरीत आता चांगले फाँट मिळतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले मुक्त आणि बलू हे दोन तर कुणालाही मोफत वापरता येतात, आणि शेजारी ठेवले की स्वभावातला फरक लगेच दिसतो: मुक्त सरळ आणि शांत, बलू गुबगुबीत आणि खेळकर. आगळाच्या बाटलीवर यातले कोणते वळण शोभेल, की सुलेखनकाराकडून नावच लिहून घ्यायचे, हे ठरले की अर्धी शैली ठरते. सुलेखन हवे असेल तर त्याचा खर्च वेगळा, तोही आधी मांडावा.

रंगासाठी छायाचित्रांवर विसंबू नये. पिकलेल्या कोकमाचा लाल, सरबताचा लाल आणि आमसुलाचा जवळजवळ काळा हे तीन वेगळे रंग आहेत, आणि फोनच्या पडद्यावर तिन्ही बदलतात. उद्योजिकेने माल भरलेली एक बाटली आणि आमसुलाची एक पुडी कुरियरने पाठवली तर डिझायनरला माप, रंग आणि काचेतून दिसणारा द्रव सगळेच कळते. हा खर्च शे-दोनशे रुपयांचा आहे आणि त्यातून वाचणारा वेळ त्याहून किती तरी मोठा.

जुन्या लेबलमधले काय राहू द्यायचे, तेही शैलीच्याच भागात यायला हवे. याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. 2009 च्या सुरुवातीला पेप्सिको कंपनीने आपल्या ट्रॉपिकाना संत्रारसाचे खोके नव्याने सजवले. संत्र्यात खुपसलेली नळी हे वर्षानुवर्षांचे चित्र काढून तिथे रसाने भरलेला पेला आला. गिऱ्हाइकांना फळीवरचे आपले खोके ओळखू येईना. दोन महिन्यांत विक्री सुमारे 20 टक्क्यांनी घसरली आणि कंपनीने जुने खोके परत आणले. नवे डिझाइन नीटनेटके होते. त्यात ओळखीची खूण तेवढी उरली नव्हती. कुडाळच्या उद्योगाकडेही अशी एखादी खूण असणार. समजा, प्रदर्शनातली गिऱ्हाइके ‘ते पिवळ्या झाकणाचे सरबत’ म्हणून मागतात. मग झाकण पिवळेच राहील, असे ब्रीफमध्ये लिहायचे आणि डिझायनरने बाकीचे रंग त्याला धरून निवडायचे.

आता दुरुस्त्या. डीटीपीच्या दुनियेत त्यांना सरसकट करेक्शन म्हणतात, आणि फ्रीलान्स कामातली बहुतेक भांडणे या एका शब्दाभोवती होतात. ‘दोन करेक्शन फुकट’ असे ठरलेले असते. पण फोन नंबर बदलणे हे एक करेक्शन आणि ‘हिरव्याऐवजी निळे करून बघू या, आणि चित्र काढून फोटो टाकू या’ हेही एकच करेक्शन, असे धरले की डिझायनरचा संयम सुटतो. उलट बाजूने, डिझायनरने टाइप करताना केलेली चूकही फेरीत मोजली की गिऱ्हाइकाला लुबाडल्यासारखे वाटते. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असते. फेरी म्हणजे काय, हे कुणी लिहिलेले नसते एवढेच.

ते लिहायचे तर असे लिहिता येईल: ‘पहिल्या टप्प्यात लेबलच्या दोन वेगळ्या कल्पना दाखवल्या जातील, त्यांतली एक निवडायची. निवडलेल्या कल्पनेवर दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. एक फेरी म्हणजे उद्योगाकडून एकाच वेळी, एकाच यादीत आलेले सगळे बदल. मजकुरातली डिझायनरची चूक फेरीत धरली जाणार नाही. कल्पना निवडल्यानंतर ती बदलायची झाली, किंवा नवा पदार्थ जोडायचा झाला, तर ते नवे काम. तिसऱ्या फेरीपासून प्रत्येक फेरीला 2,000 रुपये.’

या मजकुरातला सर्वांत मोलाचा तुकडा म्हणजे ‘एकाच वेळी, एकाच यादीत’. घरगुती उद्योगात मत देणारे पुष्कळ असतात. सकाळी उद्योजिका अक्षर मोठे करायला सांगते, दुपारी तिचा मुलगा लोगो लहान करायला, रात्री मुंबईहून आत्याचा निरोप येतो की फळ जरा आंबट दिसतेय. तिन्ही सूचना वेगवेगळ्या वेळी आल्या की डिझायनर तीन वेळा फाइल बदलते आणि तिसऱ्या बदलात पहिला मोडतो. म्हणून ब्रीफमध्ये अंतिम होकार कुणाचा, त्या एका व्यक्तीचे नाव असावे. घरात काय चर्चा व्हायची ती होऊ दे. बाहेर जाणारी यादी एकच.

चांगल्या यादीत अडचण लिहिलेली असते, उपाय नाही. ‘लोगो 20 टक्के मोठा करा’ असे म्हटल्यावर डिझायनर तो मोठा करून देईल आणि पट्ट्यातली बाकीची जागा आक्रसेल. ‘दुकानात सहा फुटांवरून नाव वाचता येत नाही’ असे म्हटल्यावर ती कदाचित मागचे चित्र फिके करेल, किंवा अक्षराभोवतीची जागा मोकळी करेल, आणि नाव मोठे न करताही वाचता येईल. दुरुस्त्या पडद्यावर बघूनही ठरवू नयेत. लेबल खऱ्या मापात साध्या प्रिंटरवर छापायचे, बाटलीला गुंडाळायचे, फळीवर इतर बाटल्यांच्या रांगेत ठेवायचे आणि मग यादी करायची. पडद्यावर सपाट दिसणारे डिझाइन बाटलीवर वळले की त्याच्या कडा नजरेआड जातात, हे तेव्हा कळते.

फेऱ्यांची संख्या ही काही निसर्गाने दिलेली नाही. 1986 मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी आपल्या नेक्स्ट कंपनीच्या लोगोसाठी पॉल रँड यांना गाठले. तीन-चार पर्याय दाखवाल का, असे विचारल्यावर रँड यांनी सांगितले की, प्रश्न मी सोडवून देईन, तुम्ही पैसे द्यायचे. उत्तर वापरायचे की नाही ते तुम्ही ठरवा. मानधन होते एक लाख डॉलर आणि लोगो एकच. जॉब्ज यांनी ते मान्य केले आणि तोच लोगो वापरला. रँड यांच्याइतका अधिकार नसलेल्या डिझायनरने असे सांगणे अवघड आहे, आणि पहिल्यांदाच काम देणाऱ्या उद्योगाने ते मान्य करणेही. दोन कल्पना आणि दोन फेऱ्या ही मधली वाट आहे.

मुदत ठरवताना शेवटाकडून मागे मोजत यावे. नवे कोकम उन्हाळ्यात येते. ताज्या सरबताच्या बाटल्या एप्रिलच्या अखेरीस दुकानात हव्यात, म्हणजे 20 एप्रिलला लेबले कुडाळात पोचली पाहिजेत. छापखान्याला नमुना छापून दाखवणे, छपाई आणि कटिंग यांसाठी आठ दिवस दिले, तर पक्की फाइल 12 एप्रिलला हवी. दुरुस्तीच्या प्रत्येक फेरीत उद्योगाला यादी करायला तीन दिवस आणि डिझायनरला बदल करायला तीन. दोन फेऱ्यांचे बारा दिवस, म्हणजे कल्पना 31 मार्चला निवडून झालेली असावी. ती निवडायला दोन-तीन दिवस आणि त्याआधी कल्पना रेखाटायला दहा दिवस. अशा तऱ्हेने काम 18 मार्चच्या सुमारास सुरू व्हायला हवे, तेही मजकूर, मापे आणि बाटली डिझायनरकडे पोचलेली असताना. यात होळी-पाडव्याच्या सुट्ट्या आणि मार्चअखेरीची हिशेबाची धांदल अजून धरलेलीच नाही. खरे तर फेब्रुवारीच्या शेवटी सुरुवात केलेली बरी. ‘अर्जंट’ या शब्दाऐवजी या तारखा लिहिल्या की डिझायनरला पहिल्याच दिवशी सांगता येते, जमेल की नाही. सोबत एक ओळ हवी: उद्योगाचे उत्तर जितके दिवस उशिरा येईल तितके दिवस मुदत पुढे जाईल.

पैशांचे कलम शेवटी येते, पण त्याची रक्कम वरच्या सगळ्या कलमांवर ठरते. समजा, या कामाचे 24,000 रुपये ठरले. 40 टक्के, म्हणजे 9,600 रुपये, काम सुरू होण्याआधी. 7,200 कल्पना निवडल्यावर. उरलेले 7,200 पक्क्या फाइली देण्याआधी. काम मधेच थांबले तर झालेल्या टप्प्यापर्यंतचे पैसे डिझायनरचे. छपाई, सुलेखन, छायाचित्रण आणि विकतचे फाँट यात धरलेले नाहीत. डिझायनरची जीएसटी नोंदणी असेल तर 18 टक्क्यांनी आणखी 4,320 रुपये वाढतील, तेव्हा ठरलेली रक्कम करासह की कराव्यतिरिक्त, तेही लिहावे. डिझायनरने सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केली असेल, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचे संरक्षण तिलाही आहे: लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि थकले तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते.

पैसे दिले म्हणजे डिझाइन आपले झाले, असे बहुतेकांना वाटते. 1957 चा स्वामित्व हक्क कायदा तसे सरसकट म्हणत नाही. नोकरीत नसलेल्या, स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलाकाराच्या कामाचा हक्क सहसा त्याच्याकडेच राहतो. तो दुसऱ्याकडे द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या लेखात काळ नमूद केला नसेल तर हक्क पाचच वर्षांपुरता गेला असे कायदा मानतो, आणि प्रदेश नमूद केला नसेल तर भारतापुरताच. कुडाळच्या उद्योजिकेचा भाचा दुबईतल्या मराठी मंडळींसाठी दोन खोकी मागवणार असेल, तर या दोन ओळींना फार महत्त्व येते. म्हणून पैशांच्या कलमाखालीच लिहायचे: ‘शेवटचा हप्ता मिळाल्यावर निवडलेल्या लोगोचे आणि लेबलांचे सर्व हक्क, कायद्यातील संपूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी, उद्योगाकडे. न निवडलेली कल्पना डिझायनरची. झालेले काम स्वतःच्या कामांच्या संग्रहात दाखवण्याची डिझायनरला मुभा.’ खाली दोघींच्या सह्या आणि तारीख. हे सगळे मिळून दोन पाने होतात, आणि ती भरायला उद्योजिकेला मोजपट्टी, जुने लेबल, परवान्याची प्रत आणि एक निवांत दुपार लागते.